दाखवायचं मूळ आणि द्यायची प्रत: प्रवेशाच्या काउंटरवरची फाइल

'ओरिजिनल घेऊन या' या सूचनेचे दोन उलटे अर्थ लावले जातात. कोणी सगळी मूळ कागदपत्रं काउंटरवर सोपवून मोकळं होतं, तर कोणी सगळ्याच्या नुसत्या झेरॉक्स घेऊन येतं. दोघांचंही काम अडतं. इथे बारावीनंतर सीईटी देऊन कॅप फेरीतून इंजिनिअरिंगला जाणाऱ्या ओबीसी विद्यार्थ्याची फाइल डोळ्यांसमोर ठेवली आहे.

प्रती कशा काढायच्या ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ए-फोर कागद, दोन संच, प्रत्येक प्रतीवर 'सत्यप्रत', सही, नाव आणि तारीख. सही निळ्या शाईने आणि कोऱ्या जागी करा, शिक्क्यावर नको. घाईत मूळ गुणपत्रिकेवरच सही करणारे दरवर्षी निघतात. आधी प्रती बाजूला काढून, मूळ फाइल बंद करून मगच पेन हातात घ्या. आणि कृपा करून कुठलंच प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. शिक्का आणि कागद तपासता येत नाही म्हणून ते परत केलं जाऊ शकतं, आणि लॅमिनेशन काढताना कागद फाटतो.

आता खरा घोळ. मूळ कागदपत्रं दोन प्रकारची असतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, अधिवास, जातीचं प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर ही फक्त दाखवायची. कारकून ती प्रतीशी ताडून पाहतो आणि परत देतो. मूळ कागद ताबडतोब परत करावेत, साक्षांकित प्रती ठेवाव्यात, असं यूजीसीने 2018 मध्ये संस्थांना बजावलं आहे. तेव्हा 'मूळ गुणपत्रिका राहू द्या' असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नाही म्हणा.

शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे एलसी, मात्र वेगळा. यूजीसीच्या त्या सूचनेत त्याचंही नाव आहे, तरी प्रत्यक्षात आपल्याकडची महाविद्यालयं तो मूळच जमा करून घेतात. कारण तो गुणांचा पुरावा नसून आधीच्या संस्थेतून नाव कमी झाल्याचा कागद आहे, आणि पुढे नवीन महाविद्यालय त्याच नोंदींवरून स्वतःचा दाखला देतं. इतर बोर्डांतून आलेल्यांचं मायग्रेशन प्रमाणपत्रही असंच मूळ जमा होतं.

म्हणून दाखला हातातून जाण्याआधी त्याच्या पाच झेरॉक्स आणि एक स्कॅन करून ठेवा. नंतर मागाल तर 'दुय्यम प्रत' असा शेरा मारलेलाच मिळतो. दाखला शेवटच्या संस्थेचा, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयाचा लागतो. दहावीच्या शाळेचा चालत नाही. बोनाफाईड तर त्याच्या अगदी उलट: 'हा आमच्याकडे शिकतो' असं ते सांगतं.

याचा फटका असा बसतो. जागा हातची जाऊ नये म्हणून एखादी मुलगी साताऱ्यात बी.एस्सी.ला प्रवेश घेते, मूळ दाखला तिथे जमा करते. मग पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची जागा मिळते आणि तिच्याकडे असते फक्त झेरॉक्स. हजर होण्याची मुदत मोजक्या दिवसांची. तिने जागा मिळाल्याच्या दिवशीच साताऱ्यात प्रवेश रद्द करण्याचा अर्ज आणि दाखला परत मिळण्याचा अर्ज एकत्र द्यावा. दाखला दिल्याची पोचपावती तिने घेतली असेल तर हे काम पुष्कळ सोपं होतं. जमा करताना पावतीवर 'मूळ शाळा सोडल्याचा दाखला' हे शब्द लिहून घ्या. 'कागदपत्रे मिळाली' एवढ्याने काही सिद्ध होत नाही.

आपले सरकारवरून निघालेली अधिवास किंवा नॉन-क्रीमीलेअर यांसारखी प्रमाणपत्रं डिजिटल सहीची असतात. त्यांचं 'खरं ओरिजिनल' शोधत तहसील कार्यालयात जाऊ नका. बारकोड स्पष्ट उमटलेला रंगीत प्रिंट म्हणजेच मूळ.

फाइल लावताना मूळ कागद पारदर्शक खिशांत ठेवा, स्टेपल न करता. प्रती वेगळ्या फाइलला त्याच क्रमाने लावा, म्हणजे कारकुनाला दोन्हींची पानं बरोबर उलटता येतात. सगळ्यांत वर जागा मिळाल्याचं पत्र, त्याखाली सीईटीचं गुणपत्रक, मग दहावी, बारावी, अधिवास. पुढे जातीचं प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर ही तिन्ही लागोपाठ, कारण ती एकत्रच पाहिली जातात. यांतल्या शेवटच्याची मुदत पाहा: 2025-26 च्या प्रवेशाला ते 31 मार्च 2026 पर्यंत वैध असायला हवं होतं, तसंच तुमच्या वर्षाचं मोजा. मग आधार आणि फोटो. मूळ दाखला या फाइलमध्ये ठेवूच नका. तो वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पावतीपुस्तक समोर आलं की बाहेर काढा.