क्रियापद येईपर्यंत हातात काय काय धरायचं?

आमच्या सोसायटीच्या फलकावर लागलेलं हे एक वाक्य. तपशील थोडे बदलले आहेत, घाट तोच ठेवला आहे.

‘ज्या सभासदांनी मागील आर्थिक वर्षाचे देखभाल शुल्क, ते ३१ मार्चपूर्वी भरले असल्यास त्यावरील सवलत वगळून, पूर्ण भरले आहे व ज्यांच्या सदनिकेबाबत कोणताही वाद प्रलंबित नाही, अशा सभासदांनी, सदनिका भाड्याने दिली असल्यास भाडेकरूच्या पोलीस पडताळणीच्या प्रतीसह, वाहनतळाच्या जागेसाठीचा अर्ज कार्यालयात सादर करावा.’

फलकापुढे चार शिकलेली माणसं उभी होती. चौघांनाही यातला एकही शब्द अवघड नव्हता. तरी वाचून झाल्यावर एकाने विचारलं, “म्हणजे भाडेकरूंनी अर्ज करायचाय का?”

त्याचं काय चुकलं ते पाहू. ‘ज्या सभासदांनी’ वाचलं की मनात एक दार उघडतं. पुढे कुठेतरी ‘त्यांनी’ किंवा ‘अशा सभासदांनी’ येईल आणि ते बंद होईल, हे मराठी वाचकाला न शिकवता कळतं. पण ते यायच्या आत शुल्क येतं, शुल्काच्या पोटात सवलत येते, ‘व ज्यांच्या’ म्हणत दुसरं दार उघडतं. ही दारं एकदाची बंद होतात, तोवर ‘सदनिका भाड्याने दिली असल्यास’ ही नवी अट मध्ये उभी राहते. आणि हे सगळं ज्यासाठी मांडलंय, तो अर्ज सर्वांत शेवटी येतो. तोवर वाचक काय धरून ठेवतो? काही सभासद, दोन अटी, एक अपवाद आणि एक भाडेकरू. कशाचं काय करायचं हे मात्र अजून माहीत नाही. शेवटी ‘सादर करावा’ येतं तेव्हा हाताशी सर्वांत ताजा माणूस असतो तो भाडेकरू. विचारणाऱ्याने त्यालाच कर्ता करून टाकलं.

हातातलं तात्पुरतं सामान सांभाळत त्यावर काम करणाऱ्या या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखामुळे ‘सात, दोन इकडे-तिकडे’ हा आकडा प्रसिद्ध झाला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो खाली आणला. मनात घोकण्याची सोय काढून घेतली, तर बहुतेकांच्या हातात साधारण चारच गोष्टी मावतात. आणि वाचताना घोकायला सवड कुठे असते?

मेरेडिथ डेनमन आणि पॅट्रिशिया कार्पेंटर यांनी १९८० मध्ये ही क्षमता वाचनातच मोजली. वाक्यं मोठ्याने वाचायची आणि शेवटी प्रत्येक वाक्यातला अखेरचा शब्द आठवून सांगायचा. कॉलेजातल्या मुलांना असे दोन ते पाच शब्द सांभाळता आले. मग त्यांना उतारे दिले आणि शेवटी आलेलं सर्वनाम कोणाबद्दल आहे असं विचारलं. ते नाव जवळच आलेलं असेल तर बहुतेकांना जमायचं. ते सहा-सात वाक्यं मागे असेल, तर पाच शब्द सांभाळणाऱ्यांना ते सापडायचं आणि दोन-तीनवाले चुकायचे. उतारा तोच, शब्दही तेच. फरक एवढाच की मधल्या काळात ते नाव काहींच्या हातून निसटलं होतं.

मग शंभर पानांची गोष्ट आपल्याला कळते तरी कशी? कारण मन वाक्य जपत नाही, त्यातला अर्थ बांधून ठेवतं आणि शब्द टाकून देतं. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये लोकांना उतारे ऐकवले आणि त्यातलं एक वाक्य पुन्हा ऐकवून ते जसंच्या तसं आहे का, असं विचारलं. वाक्य संपल्याबरोबर विचारलं तर कुठलाही बदल ओळखू यायचा. मध्ये साधारण ८० अक्षरांचा मजकूर गेला, की नुसती रचना बदललेली लोकांच्या लक्षात येत नसे. पण पत्र कोणी कोणाला पाठवलं ही अदलाबदल मात्र पकडली जायची.

हे बांधणं बरंचसं वाक्याच्या अखेरीस होतं. डोळ्यांच्या हालचाली मोजल्या, तर वाक्यातल्या शेवटच्या शब्दावर नजर थोडी जास्त थांबते. कोथिंबिरीच्या सुट्या काड्या हातात मावत नाहीत, जुडी बांधली की चार-पाच जुड्या सहज येतात. पूर्णविराम ही जुडी बांधायची जागा आहे. सोसायटीच्या वाक्यात ती चाळीसेक शब्दांनंतर मिळते.

दोष क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या आपल्या भाषेचा, असं कोणी म्हणेल. तसं नाही. श्रावण वशिष्ठ यांनी हिंदी वाचकांवर प्रयोग केले. हिंदीचीही ठेवण आपल्यासारखीच. तिथे मध्ये शब्द वाढवल्यावर क्रियापद काही वेळा उलट जास्त वेगाने वाचलं गेलं, कारण मधल्या शब्दांमुळे पुढे काय येणार याचा अंदाज बांधता आला. म्हणजे त्रास निव्वळ अंतराचा नसतो. एकसारख्या गोष्टींची गर्दी झाली की जास्त गोंधळ होतो. आपल्या वाक्यात सभासद आणि भाडेकरू, दोघेही अर्ज करू शकतील अशी माणसं आहेत.

आता तेच जुड्या बांधून:

‘वाहनतळाच्या जागेसाठी सभासदांनी कार्यालयात अर्ज करावा. त्यासाठी दोन अटी आहेत: मागच्या आर्थिक वर्षाचं देखभाल शुल्क पूर्ण भरलेलं असावं आणि सदनिकेबाबत वाद प्रलंबित नसावा. शुल्क ३१ मार्चपूर्वी भरलं असेल, तर सवलत वजा करून भरलेली रक्कम पूर्ण धरली जाईल. सदनिका भाड्याने दिली असेल, तर सभासदाने अर्जासोबत भाडेकरूच्या पोलीस पडताळणीची प्रत जोडावी.’

शब्द कमी झालेले नाहीत, उलट थोडे वाढलेच आहेत. कोणी काय करायचं, हे पहिल्याच वाक्यात आलं आणि पुढची प्रत्येक गोष्ट टांगायला खुंटी मिळाली. ‘दोन अटी’ म्हटल्यामुळे किती जागा मोकळी ठेवायची तेही कळलं. अपवाद आधी पोटात होता, तो आता ज्याचा आहे त्याच्या मागे आला. शेवटच्या वाक्यात ‘सभासदाने’ पुन्हा लिहिलं आहे, भाडेकरूचा घोटाळा तिथेच मिटतो.

याचा अर्थ दिसेल तिथे पूर्णविराम ठोकावा, असा नव्हे. ‘पाऊस लांबला. पेरणी दुबार झाली. कर्ज वाढलं.’ या तीन वाक्यांतले ‘म्हणून’ गेले आहेत. शेती ठाऊक असलेला वाचक ते स्वतः घालतो, नसलेल्याला तीन सुट्या बातम्या दिसतात. शालेय उताऱ्यांतली वाक्यं वाचनसुलभता मोजणाऱ्या सूत्राप्रमाणे आखूड केली, की जोडणारे शब्द गळून काही वेळा उतारा उलट अवघड होतो, हे अ‍ॅलिस डेव्हिसन आणि रॉबर्ट कँटर यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं.

शिवाय जुडी केवढी बांधता येईल हे वाचकाला आधी काय माहीत आहे यावर ठरतं. एस-टी-पी-एम-सी-एल-आय-सी हे कोड्यासारखं वाटतं. पुण्यातल्या माणसाला मात्र त्यात एसटी, पीएमसी आणि एलआयसी अशा तीनच गोष्टी दिसतात. सोसायटीच्या सचिवांनाही ते वाक्य अवघड वाटलंच नव्हतं. सवलत, थकबाकी आणि वाद या त्यांच्या रोजच्या बांधलेल्या जुड्या. म्हणून लिहिणाऱ्याने स्वतःच वाचून पाहण्याचा फारसा उपयोग होत नाही. दुसऱ्याला एकदा वाचायला द्यावं, कागद काढून घ्यावा आणि ‘कोणी काय करायचंय?’ एवढंच विचारावं. त्याला फक्त शेवटचा तुकडा सांगता आला, तर आधीचं कुठे सांडलं ते शोधायचं. आमच्याकडे ते ‘अशा सभासदांनी’ आणि ‘अर्ज’ यांच्या मध्ये सांडलं होतं.