फोटोतले पिवळे दात उजळवणे

हसऱ्या फोटोतल्या दातांचा पिवळेपणा कमी करायचं रीटचिंगचं काम. कंप्युटरच्या आधीही स्टुडिओवाले निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून प्रिंटमध्ये दात उजळ करायचे, म्हणून काहीजण सुरुवात तिथून धरतात. पण आजची पद्धत १९९६ च्या फोटोशॉप ४ पासून धरलेली बरी, कारण मूळ फोटोला हात न लावता रंग बदलणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर त्यातच आले.

दात मुळात पांढरा नसतोच. वरचं इनॅमल अर्धपारदर्शक असतं, त्यातून आतलं पिवळसर डेंटिन दिसतं, आणि सुळे तर पुढच्या दातांपेक्षा जरा पिवळेच असतात. म्हणून पिवळा पूर्ण काढला की दात खोटे दिसणारच.

वाद आहे तो पिवळा कसा काढायचा यावर. बरेच जण Hue/Saturation मध्ये Yellows निवडून Saturation उणे ५० करतात आणि मग दात राखाडी का झाले म्हणून डोकं खाजवतात. समजा ० ते २५५ च्या मापात दाताचा रंग लाल २२४, हिरवा २०६, निळा १६० आहे. पिवळा निम्मा केला की तो साधारण २०८, १९९, १७६ होतो, म्हणजे निळा वाढला खरा पण लाल नि हिरवा खाली आले आणि दात काळवंडला. Lightness थोडं वाढवून ते भरून काढता येतं. त्यापेक्षा Curves मध्ये फक्त Blue चॅनल वर उचलून तो १८५ च्या आसपास आणणं जास्त सरळ वाटतं, लाल-हिरवा जागच्या जागी राहतात. निळा हिरव्याच्या बरोबरीला आला की थांबायला उशीर झाला समजा. Dodge टूल मात्र टाळावं, त्यानं पिवळा उजळ होतो, जात नाही, आणि थुंकीची चमक जळून पांढरा ठिपका उरतो.

बदल फक्त दातांवरच दिसावा म्हणून लेयरचा मास्क मऊ ब्रशनं रंगवायचा, हिरड्या सोडून, आणि गालाकडच्या दातांवर ब्रशची Opacity निम्मी ठेवायची, कारण ते सावलीत असतात. तेही पुढच्यांइतकेच उजळले की तोंडात पांढरी पट्टी चिकटवल्यासारखी दिसते.

नागपुरातल्या लग्नाच्या अल्बममध्ये सगळ्यात अवघड हळदीचे फोटो. चेहऱ्यावर हळद, मागं झेंडूच्या माळा, वर पिवळा मांडव, त्यामुळे पिवळा प्रकाश दातांवरही पडतो. आधी व्हाइट बॅलन्स सुधारावा, मगच दाताला हात लावावा. तरीही नवरीचे दात तिच्या डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा उजळ दिसले तर लेयरची Opacity कमी करायची.

तंबाखू-सुपारीच्या खर्र्याचे डाग यात मोडत नाहीत. ते तपकिरी असतात, हिरडीलगत आणि दातांच्या फटीत बसतात, पिवळा कमी करून फारसे हलत नाहीत, आणि क्लोन करून पुसले तर दोन दातांमधली रेघही जाते.