बृहत्प्रमाण की लघुप्रमाण? अकराव्या प्रश्नाचा गुंता

सातवी-आठवीच्या मुलांसाठी मी नकाशावाचनाची वीस प्रश्नांची एक कृतिपत्रिका वापरते. पहिले पाच प्रश्न दिशांचे, पुढचे पाच सूचीतल्या चिन्हांचे, मग पाच प्रमाणाचे आणि शेवटचे पाच चौकटींवरून ठिकाण शोधण्याचे. दिशा मुलांना लवकर जमतात. विहीर, देऊळ, पूल यांची चिन्हं तर ती भराभर ओळखतात. गाडी अडते ती अकराव्या प्रश्नावर: ‘१:२५,००० आणि १:२,५०,००० यांपैकी बृहत्प्रमाण नकाशा कोणता?’

बहुतेक जण दुसरा लिहितात. अडीच लाख म्हणजे पंचवीस हजारांहून मोठा आकडा, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय आपली भाषाही त्यांना तिकडेच ढकलते. ‘मोठ्या प्रमाणावर पाऊस झाला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठा मुलूख येतो. मग मोठ्या प्रमाणाचा नकाशा म्हणजे मोठ्या मुलखाचा नकाशा, असं मुलांनी धरलं तर त्यात त्यांचं काय चुकलं? नकाशाशास्त्रात मात्र अर्थ नेमका उलटा आहे. बृहत्प्रमाण नकाशात जमीन थोडी मावते आणि ती मोठी दिसते. लघुप्रमाण नकाशात जमीन पुष्कळ मावते आणि ती बारीक दिसते.

हे पाठ करून टिकत नाही, म्हणून मी मुलांना एकच अंतर चार नकाशांवर काढायला लावते. पुण्यात शनिवारवाड्यापासून पर्वतीपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर सुमारे अडीच किलोमीटर आहे. अडीच किलोमीटर म्हणजे २,५०,००० सेंटिमीटर. १:२५,००० म्हणजे नकाशावरच्या एका सेंटिमीटरला जमिनीवरचे २५,००० सेंटिमीटर, म्हणून आता भागाकार करायचा. १:२५,००० च्या नकाशावर हे अंतर १० सेमी भरतं, जवळजवळ वहीच्या पानाच्या निम्म्या रुंदीएवढं. १:५०,००० वर ५ सेमी. १:२,५०,००० वर फक्त १ सेमी. आणि १:१०,००,००० वर अडीच मिलिमीटर, म्हणजे दोन ठिकाणांची नावं लिहायलाही जागा उरत नाही. चारही रेघा एकाखाली एक आल्या की ‘मोठं’ काय होतं ते दिसतं: नकाशावरची रेघ. आकडा वाढत गेला तशी रेघ आखडत गेली.

याचं कारण त्या दोन टिंबांत आहे. १:२५,००० हा अपूर्णांक आहे, एक छेद पंचवीस हजार. एका भाकरीचे चार वाटे केले तर एकेक वाटा मोठा, चाळीस केले तर घासभर. छेद मोठा तेवढा वाटा लहान. म्हणून पंचवीस हजारांश हा अडीच लाखांशापेक्षा दसपट मोठा आहे, आणि त्या प्रमाणाचा नकाशा बृहत्प्रमाण.

क्षेत्रफळात हा फरक आणखी वाढतो, आणि इथे हुशार मुलंही चुकतात. ४० सेमी लांब आणि तेवढाच रुंद कागद घ्या. १:२५,००० वर त्याची एक बाजू १० किमी होते, म्हणून १०० चौरस किमी मुलूख मावतो. १:२,५०,००० वर बाजू १०० किमी होते, आणि मुलूख १०,००० चौरस किमी. प्रमाण दसपटीने बदललं, पण मुलूख शंभरपटीने. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांतही हे दिसतं: एक अंश अक्षांश आणि एक अंश रेखांश व्यापणाऱ्या १:२,५०,००० च्या एका शीटचा मुलूख १:५०,००० वर दाखवायला सोळा शीट लागतात.

मोबाइलवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा केला की कोपऱ्यातल्या रेषेवर दोन किलोमीटरच्या जागी दोनशे मीटर दिसू लागतात. गल्ल्या उघडतात, पण शेजारचं गाव पडद्याबाहेर जातं. मुलं हे रोज करतात. त्या वेळी आपण बृहत्प्रमाणाकडे जातो, एवढंच त्यांना सांगावं लागतं.

एक मात्र मी आवर्जून सांगते. ही दोन्ही नावं तुलनेची आहेत. १:५०,००० चा नकाशा १:२,५०,००० शेजारी ठेवला तर बृहत्प्रमाण, पण १:५०० वर काढलेल्या वाड्याच्या आराखड्याशेजारी तोच लघुप्रमाण. म्हणून ‘१:५०,००० चा नकाशा कोणत्या प्रकारचा?’ असा एकट्या नकाशाचा प्रश्न मी कृतिपत्रिकेतून काढून टाकला. दोन नकाशे दिल्याशिवाय त्याचं उत्तर मुलांकडून मागणं बरोबर नाही.

हे एकदा समजलं की सूचीचे प्रश्नही नव्याने वाचता येतात. १:२,५०,००० वर रस्ता एक मिलिमीटर जाड काढला असेल आणि कोणी तो मोजून रुंदी काढली, तर उत्तर येतं २५० मीटर. एवढा रुंद रस्ता कुठे असतो? रस्त्याची जाडी हे चिन्ह आहे, माप नाही. लघुप्रमाणावर खरी रुंदी काढली तर रेघ दिसणारच नाही. शेवटच्या पाच प्रश्नांचंही तसंच. १:५०,००० वर एक किलोमीटरची चौकट २ सेमीची असते. चौकटीतलं ठिकाण सहा अंकी संदर्भाने सांगायचं तर तिच्या प्रत्येक बाजूचे दहा भाग करायचे, म्हणजे २ मिमीचा एकेक, आणि तेवढं पट्टीने जमतं. १:२,५०,००० वर तीच चौकट ४ मिमीची आणि तिचा दहावा भाग ०.४ मिमी. पेन्सिलीच्या टोकाखालीच तो झाकला जातो.

आता प्रमाण सांगण्याच्या दोन रीतींबद्दल, कारण त्यात माझीच एकदा फसगत झाली. अंकप्रमाण म्हणजे १:५०,००० हा छापलेला आकडा. रेषाप्रमाण म्हणजे नकाशाखाली किलोमीटरचे भाग पाडलेली पट्टी. मुलांना दोन्ही एकच वाटतात, आणि मूळ नकाशावर ती एकच असतातही. एका वर्षी मी ए-३ कागदावरची कृतिपत्रिका झेरॉक्सवाल्याकडून ए-४ वर लहान करून आणली. बाराव्या प्रश्नात देऊळ आणि पूल यांच्यातलं अंतर मूळ नकाशावर ८ सेमी होतं, म्हणजे ४ किमी. ए-३ ची ए-४ केली की प्रत्येक लांबी सुमारे ७१ टक्के होते. मुलांच्या कागदावर ते अंतर ५.७ सेमी भरलं. ज्यांनी १:५०,००० वापरलं त्यांचं उत्तर आलं २.८५ किमी. ज्या चौघी-पाच जणींनी दोऱ्याने अंतर घेऊन खालच्या पट्टीवर ठेवलं, त्यांचं आलं ४. नकाशा आखडला तशी पट्टीही आखडली होती, आकडा मात्र होता तसाच छापला गेला. त्या कागदाचं खरं प्रमाण सुमारे १:७१,००० झालं होतं. मी आधी २.८५ ला चूक म्हणून खूण केली आणि मग सगळे पेपर परत मागवले, कारण मुलांचा गुणाकार बिनचूक होता.

तेव्हापासून बारावा प्रश्न मी दोनदा विचारते: एकदा आकड्यावरून अंतर काढा, एकदा पट्टीवरून, आणि उत्तरं जुळली नाहीत तर कागदाचं काय झालं असेल ते लिहा. इतर प्रश्नांच्या प्रती काढायच्या आधी रेषाप्रमाणावर माझी पट्टी ठेवून बघते. एका किलोमीटरला बरोबर दोन सेंटिमीटर भरले, तरच गठ्ठा छापायला सांगते.