हीटमॅपवरची उजळ रेघ सुरक्षित असतेच असं नाही

"ऑफिसला सायकलने जायचंय, सुरक्षित रस्ता कसा शोधू?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "स्ट्राव्हाचा हीटमॅप उघड आणि उजळ रेघ धर." हे वाचलं की मी कपाळाला हात लावतो.

स्ट्राव्हा हे राइड नोंदवणारं अ‍ॅप आहे आणि जिथून जास्त नोंदी, तिथली रेघ त्याच्या हीटमॅपवर जास्त उजळ दिसते. मार्ग शोधायला मी ब्राउटर वापरतो. ब्राउटर राइड नोंदवत नाही, ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून भरलेल्या नकाशावरून मार्ग आखून देतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण ते चालतं.

गल्लत होते ती इथे: हीटमॅप सांगतो की नोंद करणारे लोक कुठून गेले. तो रस्ता कसा आहे, हे त्याला ठाऊकच नसतं. आणि नोंद करतं कोण? बरेचसे हौशी, वेगाने जाणारे, सुट्टीच्या दिवशी पहाटे निघणारे. रुंद, सरळ, सिग्नल कमी असलेला हमरस्ता त्यांना आवडतो आणि पहाटे तो रिकामाही असतो. तुम्ही तिथे नऊ वाजता बस-ट्रकांच्या मध्ये असणार. उलट रोज गल्लीतून कामाला जाणारा माणूस बहुधा नोंदच करत नाही, म्हणून चांगली गल्ली अंधारी दिसते.

ब्राउटर रस्त्याच्या प्रकारावरून हिशेब करतो. समजा हमरस्त्याने ६ किमी आणि गल्ल्यांमधून ७ किमी आहे. निवडलेल्या प्रोफाइलने, म्हणजे कोणता रस्ता किती टाळायचा हे ठरवणाऱ्या नियमांनी, हमरस्त्याला १.८ आणि गल्ल्यांना १.१ असा गुणक लावला, तर खर्च १०.८ आणि ७.७ येतो. खर्च कमी, म्हणून लांबचा मार्ग जिंकतो. `safety` प्रोफाइल निवडून बघा. वळणांचा आणि चढाचा भार वेगळा पडतो, पण मूळ कल्पना हीच.

अर्थात, नकाशात जे भरलंय तेवढंच त्याला कळतं. प्रत्यक्ष रहदारी किती, हे ओपनस्ट्रीटमॅपमध्ये नसतं. `cycleway=lane` लिहिलेलं असलं, तरी तो रंगवलेला पट्टा गाड्या लावून भरलेला असू शकतो. म्हणून ब्राउटरच्या वेब आवृत्तीत मार्ग आखला की डेटा तक्ता उघडतो आणि प्रत्येक तुकड्याचे टॅग, म्हणजे नकाशात भरलेली अशी वर्णनं, वाचतो. जिथे `highway=primary`, म्हणजे हमरस्ता, दिसतं आणि सायकलमार्गाचा उल्लेखच नसतो, तो तुकडा ओढून बाजूच्या रस्त्यावर टाकतो.

हीटमॅपचा एक उपयोग मात्र मी मानतो. नकाशावर आरपार दिसणारी गल्ली खरंच आरपार जाते का, की शेवटी कुलूपबंद फाटक आहे? तिथे फिकट का होईना, पण पलीकडपर्यंत सलग रेघ असली, तर कुणीतरी सायकल घेऊन गेलंय. रेघ अर्ध्यात तुटली, तर आधी पायी जाऊन बघतो.