कोशकार–कवी लेखी संवाद : नव्या शब्दाच्या नोंदीविषयी

कवीने घडवलेला शब्द कोशात घ्यावा की नाही, याविषयी कोशकार आणि कवी यांनी पत्रांतून केलेला युक्तिवाद. तोंडी चर्चेत ‘हा शब्द आता सगळेच वापरतात’ एवढे म्हणून भागते. लेखी संवादात मात्र तो कोणी, केव्हा आणि कोणत्या वाक्यात वापरला हे कागदावर मांडावे लागते, आणि कोशाला लागणारा पुरावा नेमका तोच असतो. या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीत असल्याचे ठळक मराठी उदाहरण माधव ज्यूलियन यांचे आहे. कवी म्हणून ख्यातनाम असलेल्या त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोशही सिद्ध केला.

संवादाची रीत कळावी म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. १९९२ मध्ये मानखुर्द–वाशी लोहमार्ग सुरू झाल्यापासून नवी मुंबईचे प्रवासी रोज ठाणे खाडीवरचा पूल ओलांडतात. गाडी पुलावर असताना डब्यातले बोलणे थांबून माणसे पाण्याकडे पाहत राहतात, त्या अवधीला वाशीच्या एका कवीने आपल्या कवितेत ‘पूलवेळ’ म्हटले आणि ठाण्यातील एका कोशकाराला पत्र लिहून या शब्दाची नोंद करण्याची विनंती केली. या अनुभवाला मराठीत दुसरा शब्द नाही, हा त्याचा मुख्य मुद्दा.

कोशकाराच्या मते उणीव असणे हा पुरावा नव्हे. सामासिक शब्दाचा अर्थ घटकांवरून सहज लागत असेल, तर कोश त्याला सहसा स्वतंत्र जागा देत नाही. ‘पूलवेळ’मधली स्तब्धता ‘पूल’ आणि ‘वेळ’ यांतून कळत नाही, म्हणून ही अट तो पुरी करतो. अडचण पुढे येते. कवीने पाठवलेल्या बहुतेक उताऱ्यांत शब्द अवतरणचिन्हांत आहे, किंवा त्याच्यापुढे ‘कवी ज्याला म्हणतो’ असे शब्द आहेत. हा शब्दाचा उल्लेख झाला, वापर नव्हे. असे उतारे कितीही जमले तरी ते त्याच एका कवितेकडे बोट दाखवतात.

यावर कवीचे उत्तर बिनतोड वाटावे असे आहे. जुन्या ग्रंथात एकदाच आलेला शब्द कोशात मिळतो, मग जिवंत कवीच्या शब्दालाच साक्षीदार का हवेत? कोशकार मान्य करतो की जुना ग्रंथ वाचणाऱ्याला अर्थ सांगायला दुसरे कोणी उरलेले नसते, म्हणून ऐतिहासिक कोश एकुलत्या प्रयोगाचीही दखल घेतो. चालू भाषेच्या कोशाचे काम वेगळे आहे : वाचकाला जो शब्द त्याच्या निर्मात्याशिवाय भेटण्याचा संभव आहे, तो या कोशात असायला हवा. एका कवीपुरत्या शब्दांची योग्य जागा त्याच्या संग्रहाला जोडलेली शब्दसूची ही होय. कवी पुन्हा विचारतो की ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ हे शब्द तरी सावरकरांनी एकट्यानेच सुचवले नव्हते का? सुचवले; पण लिहिणाऱ्यांना त्यांचा निर्माता आठवेनासा झाला तेव्हा ते भाषेचे झाले, असे कोशकार लिहितो.

संवादाला वळण मिळते ते लिंगामुळे. मराठीत ‘वेळ’ पुल्लिंगी असताना अवधी दाखवतो (‘बराच वेळ गेला’) आणि स्त्रीलिंगी असताना नेमका क्षण (‘निघायची वेळ झाली’). कवीच्या कवितेत ‘पूलवेळ सरला’ आहे. पाठवलेल्या कात्रणांपैकी एका ललित लेखात मात्र ‘बैठकीत पूलवेळ आली आणि कोणी बोलेना’ असे वाक्य अवतरणचिन्हांशिवाय आणि खुलाशाशिवाय येते. कवीला ही चूक वाटते, तर कोशकाराला हाच सर्वांत मोलाचा उतारा वाटतो, कारण लेखिकेने लिंग बदलले, शब्द गाडीतून बैठकीत नेला आणि अर्थ ‘अवघडलेली शांतता’ याकडे सरकवला. नक्कल करणारा असे बदल सहसा करत नाही. याच ठिकाणी कोशकाराची दृष्टी अधिक खोल आहे, असे म्हणावे लागते : कवी शब्दाचे मूळ रूप जपू पाहतो, पण शब्द रुजल्याची खूण त्या रूपातल्या फरकातच सापडते.

एका उताऱ्यावर नोंद होत नाही. परस्परांशी संबंध नसलेल्या लेखकांचे, काही वर्षांच्या अंतराने आलेले आणि शक्यतो निरनिराळ्या प्रकारच्या लेखनातले उतारे हवेत, कारण कविता गाजत असताना शब्दही काही काळ गाजतो आणि तो बहर ओसरल्यावर किती उरले हे पाहावे लागते. म्हणून कोशकार ‘पूलवेळ’ची चिठ्ठी तारीख, वाक्य आणि दोन्ही लिंगे नोंदवून पुरवणीच्या साहित्यात ठेवतो. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी विभाग १९५० मध्ये आला. मुख्य कोशात न आलेल्या शब्दांना अशा पुरवणीत पुन्हा संधी मिळते. शेवटच्या पत्रात कवी नोंदीत ‘पु.’ आधी द्याल की ‘स्त्री.’ असे विचारतो, आणि तोवर जे लिंग अधिक लोकांनी वापरलेले असेल ते आधी येईल, असे कोशकार कळवतो.