आठवणीतून कवितेचे पुनर्लेखन

स्वतःच्या कवितेचा पहिला खर्डा नजरेआड ठेवून ती काही दिवसांनी केवळ आठवणीतून पुन्हा लिहायची आणि दर वेळी तग धरणाऱ्या ओळींवरच नवी कविता उभी करायची, अशी ही संपादनाची रीत आहे. विदर्भाच्या खेड्यांत कविता सुचते ती बहुधा डवरणी, वेचणी किंवा गुरांमागे, हातात वही नसताना; त्यामुळे ओळी मनात घोळवत ठेवण्याची सवय इथे आधीपासूनच असते.

अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी जोडलेल्या महानुभाव परंपरेत ‘लीळाचरित्र’ मूळ पोथी नष्ट झाल्यावर अनुयायांच्या स्मरणातून पुन्हा सिद्ध झाले. त्यांची धडपड एकही शब्द गळू नये यासाठी होती. इथे मात्र गळतीच कामी येते.

खर्डा पेटीत टाकून साधारण आठवडा जाऊ द्यावा. त्याच दिवशी लिहायला बसले, तर पानावरची ओळ डोळ्यांसमोर दिसत राहते आणि निव्वळ नक्कल होते. लिहिताना एखादी ओळ ‘इथे काहीतरी होते’ एवढीच आठवली, तर तिथे आडवी रेघ मारून पुढे जावे. बहुतेकांचे काम बिघडते ते इथेच: रेघ बघवत नाही, म्हणून तिथे नवी ओळ बसवली जाते आणि पुढच्या फेरीत तीच जुनी वाटू लागते. दुसऱ्या फेरीला आणखी दोनेक आठवडे द्यावेत. सगळे कागद शेजारी मांडायचे ते अगदी शेवटी.

या नोंदीसाठी रचलेला एक खर्डा पाहू :

पहाटेच्या कोवळ्या धुक्यात
स्वप्नांसारखी फुललेली पऱ्हाटी,
ओटीत पांढरं सोनं साठवत
माय चालते तास धरून.
बोटात बोंडाचं टोक घुसतं
अन् कापसाला रक्त लागतं.
काट्यावर ते कोणी मोजत नाही,
केवढं हे दुर्दैव कष्टाचं!

आठवड्यानंतर :

—
माय चालते तास धरून,
ओटीत पांढरं सोनं,
बोटात बोंडाचं टोक
अन् कापसाला रक्त.
काट्यावर कोणी मोजत नाही.

तिसऱ्या वेळी :

माय चालते तास धरून,
ओटीत पांढरं सोनं,
बोटाले बोंड रुतलं,
कापसाले रगत लागलं,
काट्यावर कापसातच भरलं.

कोणत्याही मजकुराची सुरुवात आणि शेवट सहसा चांगले लक्षात राहतात. गळते ते मधले. इथे उलट झाले. मोक्याची जागा असूनही धुके आणि दुर्दैव टिकले नाही, म्हणजे त्या ओळींना कवितेत काही कामच नव्हते. धुक्याच्या जागी निदान रेघ तरी उरली, दुर्दैवाची आठवणही झाली नाही. ज्यात हात, बोट, चालणे आहे त्या ओळी राहिल्या.

‘पांढरं सोनं’ मात्र तिन्ही कागदांवर आहे, आणि तेच काढायला हवे. कापसाच्या मुलखात हे शब्द भाषणात, बातमीत, बाजारात सगळीकडे ऐकू येतात. ते या कवितेमुळे आठवले नाहीत, आधीच तोंडात बसलेले होते. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने 1932 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक अनोळखी लोककथा लोकांकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतली होती. कथा आखूड होत गेली आणि तिच्यातल्या परक्या गोष्टींच्या जागी सांगणाऱ्याच्या ओळखीच्या गोष्टी आल्या. स्मरण असे ओळखीकडे झुकते, म्हणून ओळ तगली एवढ्यावर तिला पास करू नये. ती कवितेबाहेर दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकली आहे का, हे विचारावे. ऐकली असेल तर खोडावी. याच ओढीने ‘कापसाला’चे ‘कापसाले’ झाले, पण तो लाभ आहे : खर्डा शाळेच्या भाषेत होता, आठवण घरच्या वऱ्हाडीत आली.

शेवटच्या ओळीवर मतभेद होऊ शकतो. ‘कोणी मोजत नाही’चे ‘कापसातच भरलं’ झाले, म्हणजे काटेकोर पाहता मूळ ओळ टिकलीच नाही. पण पहिल्या ओळीत तक्रार होती. दुसरीत जे घडते तेच आहे, रक्त कापसाच्याच भावाने तोलले गेले. नियम कडक पाळणारा ती खोडेल. प्रस्तुत लेखकाच्या मते बदललेली ओळ ठेवावी, मात्र आणखी एका फेरीत ती जशीच्या तशी परत आली तरच.

ही रीत मुक्तछंदाला मानवते. जात्यावरच्या ओवीत किंवा अभंगात तिचा निवाडा फसतो, कारण तिथे यमक भरतीच्या शब्दांनाही धरून ठेवते. पोकळ चरणसुद्धा चालीवर तरंगत परत येतो. अशी रचना तपासायची तर चाल मोडून, मधल्याच चरणापासून साध्या बोलण्यासारखी आठवावी लागते. खंजिरीवर पुष्कळदा गायलेल्या भजनाला तर ही कसोटी लागतच नाही : ते पाठ झालेले असते, त्यातले काहीच गळत नाही.