पट्ट्याचा नंबर पुसला गेला असेल तर: पुली आणि अंतर मोजून पट्टा कसा काढायचा

आमच्या काउंटरवर तुटलेला पट्टा घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या पट्ट्यावर नंबर दिसत नाही. पीठ, तुरीचा भुसा आणि उन्हाने तो केव्हाच पुसलेला असतो. मग जुना पट्टा टेपने मोजून "एवढाच द्या" असं सांगितलं जातं. पण झिजून ताणलेल्या पट्ट्याची लांबी म्हणजे मशीनला हवी असलेली लांबी नव्हे. मशीनवरच मोजमाप घेऊन या. दोन पुल्यांचे व्यास आणि दोन शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर एवढंच लागतं.

मागच्या हंगामात जवळच्या गावचे एक गिरणीवाले आले. म्हणाले, "भाऊ, नवा पट्टा घेतला, मोटर पार शेवटाले नेली, तरी ढिल्लाच हाये." त्यांनी हिशेब केला होता, सूत्रही बरोबर होतं. चूक मोजमापात होती. त्यांचाच हिशेब इथे पुन्हा करून दाखवतो, कारण ही चूक आम्हाला सारखी दिसते.

गिरणीला बी सेक्शनचे दोन पट्टे; सेक्शन म्हणजे पट्ट्याच्या रुंदी-जाडीचं माप. मोटरची पुली बाहेरून १३३ मिलीमीटर, गिरणीची पुली बाहेरून २५८. मोटर सरकवायच्या खाचेच्या मधोमध ठेवून दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर ६२० भरलं. सूत्र असं:

```
पिच लांबी = २ × अंतर
          + १.५७ × (मोठा व्यास + छोटा व्यास)
          + (मोठा व्यास − छोटा व्यास)² ÷ (४ × अंतर)
```

यातले व्यास पुलीच्या बाहेरच्या कडेचे नाहीत. व्ही-पट्टा पुलीच्या खाचेत बसतो आणि त्याचे ताण घेणारे दोरे पट्ट्याच्या वरच्या पाठीपासून थोडे आत असतात. ते दोरे ज्या वर्तुळावरून फिरतात त्याचा व्यास म्हणजे पिच व्यास. बी सेक्शनच्या पुलीत तो बाहेरच्या व्यासापेक्षा साधारण ८ मिलीमीटरने कमी धरा, ए सेक्शनमध्ये साडेसहाने. म्हणजे १३३ चे झाले १२५ आणि २५८ चे २५०.

आता मांडू. अंतराची दुप्पट १२४०. व्यासांची बेरीज ३७५, तिला १.५७ ने गुणल्यावर ५८९. फरक १२५, त्याचा वर्ग १५,६२५. त्याला अंतराच्या चौपटीने, म्हणजे २४८० ने भागल्यावर ६. एकूण १८३५ मिलीमीटर. शेवटची रक्कम लहान असते म्हणून काही जण ती सोडून देतात. इथे ते चालून जाईल, पण एक पुली मोठी, दुसरी लहान आणि अंतर कमी असलेल्या मळणी यंत्रावर तीच रक्कम पट्ट्याचा नंबर बदलते.

ही झाली पिच लांबी, म्हणजे त्या दोऱ्यांच्या रेषेवरची लांबी. पण पट्ट्यावरचा नंबर पिच लांबीचा नसतो, आतल्या घेराचा असतो आणि तोही इंचात. बी सेक्शनमध्ये आतला घेर पिच लांबीपेक्षा सुमारे ४३ मिलीमीटरने कमी, ए मध्ये सुमारे ३६ ने. बनावटीप्रमाणे यात थोडा फरक पडतो, म्हणून नंबर अगदी काठावर आला तर आम्हाला विचारा. इथे १८३५ मधून ४३ गेले, राहिले १७९२. भागिले २५.४ केले की साडेसत्तर इंच. म्हणजे बी-७० किंवा बी-७१.

गिरणीवाल्यांनी काय केलं होतं? बाहेरचे व्यास तसेच धरले, त्याने लांबी २५ मिलीमीटरने वाढली. मग ४३ वजाच केले नाहीत. त्यांचं उत्तर आलं १८६०, म्हणजे ७३ इंच, आणि त्यांनी बी-७३ घेतला. दोन्ही चुका एकाच बाजूच्या, त्यामुळे पट्टा अडीच इंच मोठा.

अडीच इंच जास्त लांबी म्हणजे मोटर किती सरकवावी लागेल? लांबीतला फरक पट्ट्याच्या दोन बाजूंत वाटला जातो, म्हणून अंतर साधारण त्याच्या निम्म्याने बदलतं. बी-७३ ची पिच लांबी १८९७, आपल्याला हवी होती १८३५. फरक ६२, म्हणजे मोटर ३१ मिलीमीटर मागे. त्यांच्या मोटरच्या खाचेत मधल्या जागेपासून मागे ३५ च होते. नवा पट्टा पहिल्या काही तासांत पुलीच्या खाचेत बसून थोडा ढिला होतोच, आणि तो ताणायला उरले चार मिलीमीटर. म्हणून पट्टा चीं-चीं करत होता, पुलीखाली काळी भुकटी साचत होती.

७० की ७१, हेही याच निम्म्याच्या हिशेबाने ठरतं. बी-७१ लावला तर मोटर ६२५ च्या थोडी पुढे बसेल, बी-७० लावला तर ६१३ वर. पट्टा न ठोकता चढवायचा तर अशा मशीनवर मोटर आत सरकवायला २५ ते ३० मिलीमीटर मोकळे हवेत, आणि पुढे ताण देण्यासाठी बाहेर ४० च्या आसपास. ६१३ वर आत २८ आणि बाहेर ४२ उरतात. आम्ही बी-७० दिला, दोन्ही पट्टे एकाच वेळी. जुना एक आणि नवा एक असे जोडू नका. ओझं सगळं आखूड पट्ट्यावर येतं आणि तो आधी जातो. पट्टा पेचकसने पुलीवरून चढवू नका, आतले दोरे तुटतात आणि ते वरून दिसत नाही.

मोजताना दोन गोष्टी सांभाळा. शाफ्टचा मध्य डोळ्याने धरू नका. एका शाफ्टच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात दोन्ही शाफ्टच्या जाडीचा निम्मा-निम्मा भाग मिळवा. पुली मोजायला मोठं कॅलिपर नसेल तर कडेवरून सुतळी गुंडाळा, ती सरळ करून मोजा आणि ३.१४ ने भागा.

पुली घासलेली असेल तर मात्र हिशेब बिघडतो. चांगल्या पुलीत पट्ट्याची पाठ कडेच्या बरोबरीला असते. पाठ बरीच खाली गेली असेल किंवा खाचेचा तळ चकाकत असेल, तर पट्टा तळाला टेकतो आहे आणि बाजूंनी पकडत नाही. तिथे कितीही अचूक नंबर काढा, नवा पट्टाही घसरेल. आधी पुली बदला.

पॅकिंग मशीनसारख्या ठिकाणच्या दातेरी टायमिंग पट्ट्याला सूत्र हेच, पण व्यास मोजू नका, दात मोजा. पिच व्यास म्हणजे दातांची संख्या गुणिले दातांमधलं अंतर, भागिले ३.१४, तो पुलीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित मोठा असतो, व्ही-पुलीच्या अगदी उलट. समजा दातांमधलं अंतर ८ मिलीमीटर असलेल्या २४ आणि ४८ दातांच्या पुल्या ३०० अंतरावर आहेत. व्यास ६१.१ आणि १२२.२, लांबी ८९१. ती ८ ने भागली की १११.४ दात. पट्ट्याला अर्धवट दात नसतात, म्हणून ११२ दातांचा ८९६ चा पट्टा घ्यावा लागतो आणि अंतर ३०२.४ करावं लागतं. मशीनमध्ये सरकवायची सोय नसेल तर हे अडीच मिलीमीटरसुद्धा पुष्कळ झाले, ढिला पट्टा ओझ्याखाली दात सोडून उडी मारतो. अशा मशीनच्या पट्ट्यासाठी दातांची संख्या, दातांमधलं अंतर आणि शाफ्टमधलं अंतर लिहून आणा, आणि मोटर किती सरकते तेही लिहा.